ऐंशी टक्क्यांची उतरण

अतिदक्षता विभागाच्या प्रमुखांचे तर्कशास्त्र अभेद्य होते. रक्तातले प्रोकॅल्सिटोनिन वाढले, तर जंतुसंसर्ग बळावतो आहे, म्हणून आणखी एक प्रतिजैविक जोडायचे. जागच्या जागी राहिले, तर वाट पाहायची. उतरले, तर औषध लागू पडते आहे. मग चालत्या गाडीला खीळ कशाला? तपासणी रोज होई. कोणत्याही आकड्याने औषध थांबत नसे.

चार नंबरच्या खाटेवरच्या घड्याळजींचा न्यूमोनिया निवला होता. ताप नव्हता, रक्तदाब औषधांच्या टेकूशिवाय सावरला होता. आता कोलिस्टिन या राखीव प्रतिजैविकाने त्यांच्या मूत्रपिंडांना गाठले होते: क्रिएटिनिन एकवरून अडीचवर. असेच चालले तर डायलिसिस अटळ, असे निवासी डॉक्टरीण रोज सांगे आणि प्रमुख रोज तिच्या तरुण वयाचे कौतुक करत.

तिसऱ्या दिवशी तिने त्यांच्याकडून थांबण्याचा आकडा आधीच लिहवून घेतला होता. विद्वत्तेचा प्रश्न म्हटल्यावर त्यांनी झोकात लिहिले: शिखरापासून ऐंशी टक्के घट, अथवा आकडा ०.५ च्या खाली, प्रकृती स्थिर असल्यास कोर्स समाप्त. सही, शिक्का.

सहाव्या दिवशी अहवाल आला. अठ्ठेचाळीसवरून साडेआठ. घट ब्याऐंशी टक्के.

"मी ऐंशी लिहिलं होतं," प्रमुख म्हणाले. "ही ब्याऐंशी आहे."

औषधाचा ट्रे धरलेल्या सिस्टरांनी खिडकीबाहेर पाहिले.

डॉक्टरिणीने आवाज मुद्दाम खाली ठेवला. "सर, ऐंशी ही ओलांडायची रेषा आहे."

"आणि साडेआठ नॉर्मल आहे का गं?"

"पाहुणे गेलेत सर, उष्टी ताटं राहिलीत. संसर्ग आवरला की हे रोज साधारण निम्म्याने उतरतं. मूत्रपिंडं थकली की आणखी सावकाश. आपण आकडा उतरायची वाट बघतोय, आणि तोवर त्याला उतरू न देणारं औषध देतोय."

प्रमुखांना या युक्तिवादात औषध चालू ठेवण्याचे नवे कारण दिसू लागले. तेव्हा तिने कोरा अर्ज पुढे केला. सरांच्याच सहीने कोर्स आज संपला होता; पुढचा डोस म्हणजे नवा कोर्स, आणि राखीव औषधाला संसर्गाचा पुरावा लिहावा लागे.

त्यांनी पेन उघडले. ताप? नाही. कल्चर? निर्जंतुक. छातीचा फोटो? सुधारलेला. प्रोकॅल्सिटोनिन? पेन बराच वेळ त्या रकान्यावर तरंगले. 'घसरते आहे' हा संसर्गाचा पुरावा म्हणून लिहिण्याइतके धाडस त्यांच्यातही नव्हते.

"तूर्त थांबवा," ते म्हणाले. "पण रोज तपासा."

कोलिस्टिन बंद झाले. क्रिएटिनिन दोन दिवस हट्टाने चढले, तिसऱ्या दिवशी वळले. प्रोकॅल्सिटोनिन उतरतच राहिले. सिस्टरांनी लघवीची पिशवी मोजपात्रात रिकामी केली आणि तक्त्यावर लिहिले: दीड लिटर.

प्रमुखांनी राउंडला सर्वांना सांगितले की योग्य वेळी थांबायला अनुभव लागतो. डॉक्टरिणीने मान हलवली आणि पाच नंबरच्या खाटेसाठी नवा केसपेपर त्यांच्यापुढे धरला. थांबण्याच्या आकड्याची जागा कोरी होती.