काचेवरची माळ

दसऱ्याला कामतघर गावातल्या घराच्या अंगणात नवी गाडी उभी होती. रुचिकाच्या सासूबाई जानकीबाईंनी झेंडूची जाड माळ पुढच्या काचेवर आडवी बांधली, आरशांना रिबिनी गुंडाळल्या. गाडी देवळापर्यंत रुचिका नेणार होती, पण तिने किल्ली फिरवलीच नाही.

"आई, माळ काढा. समोरचं दिसत नाही."

"पूजेची माळ कोन काढतं? अपशकुन हाय."

रुचिका खाली उतरली. "मग तुम्हीच इथे बसून बघा."

जानकीबाई रागातच बसल्या. सासरे काळूराम नारळ घेऊन गाडीसमोर उभे होते.

"ह्ये कुठं गेले?" जानकीबाईंनी विचारलं.

"समोरच आहेत."

जानकीबाई उतरल्या. त्यांनी स्वतःच माळ सोडली आणि दिवे उघडे ठेवून खाली बंपरला बांधली. आरशांच्या रिबिनी रुचिकाने काढल्या आणि आत बसून किल्ली फिरवली.