तिसऱ्या कोटेशनची जागा

शवागारातला जुना फ्रीजर बंद पडला आणि रुग्णालयातल्या सगळ्यांना एकाएकी खरेदी विभागाचा रस्ता सापडला. एरवी जिन्याखालच्या त्या एका खिडकीच्या खोलीकडे कुणी फिरकत नसे. आता अधीक्षक डॉक्टर स्वतः दारात उभे होते, त्यांच्यामागे शवागार सांभाळणारे मामा, आणि मामांच्या खांद्यावरून डोकावणारा पुरवठादार. याला सगळे 'झालंच-समजा' म्हणत, कारण त्याला काहीही विचारले तरी उत्तर तेच यायचे.

फाइल खरेदीचे काम बघणाऱ्या ताईच्या टेबलावर होती. आत एकच कोटेशन होते, झालंच-समजाचे.

"एकच का?" डॉक्टरांनी विचारले.

"पाच जणांना पत्रं गेली होती, साहेब. उत्तर एकाचंच आलं."

"नियमाला तीन लागतात. अजून दोन आणा."

"ताईसाहेब, झालंच समजा!" पुरवठादार पुढे सरकला. "एक माझ्या मेहुण्याच्या फर्मचं. आणि एका मित्राची लेटरहेडं माझ्याकडे पडलेलीच असतात. दोघांचे दर माझ्यापेक्षा थोडे चढे टाकतो. संध्याकाळी तीन कोटेशनं तुमच्या हातात."

"मित्राला माहीत आहे?"

"मित्र तो मित्र. त्याला कशाला त्रास द्यायचा?"

"मग सही कोण करणार? भूत?"

मामांना हसू आले; डॉक्टरांकडे बघून त्यांनी ते गिळले.

"हे घेणार नाही मी," ताई म्हणाली. "तीन कोटेशनं लावते तेव्हा मी खरेदी समितीला सांगत असते, की बाजारात विचारलं आणि हा दर रास्त निघाला. इथे विचारलंच नाही कुणाला. म्हणजे ती थाप झाली, आणि तीही भलत्याच माणसाच्या नावावर."

"सगळीकडे असंच चालतं हो."

"चालू दे. या टेबलावर नाही."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. माणूस वाईट नव्हता. घायकुतीला आला होता. "मॅडम, मामा बर्फाच्या लाद्यांवर दिवस काढतायत. आम्ही लोकांना सांगतो, लवकर घेऊन जा. कुणाचा मुलगा दूर असतो, कुणाची मुलगी यायची असते. हे तुम्हाला मी सांगावं? तुमच्या वडिलांच्या वेळी..."

ते थांबले. ताईच्या वडिलांना जाऊन महिना झाला होता. परदेशातला भाऊ येईपर्यंत ते याच फ्रीजरमध्ये होते, आणि ती जिन्याखालच्या या खोलीत बसून होती, कारण घरी जाऊन करायचे काय ते सुचत नव्हते.

"बोला की, साहेब," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "वडिलांच्या वेळी तोच फ्रीजर मध्येच बंद पडत होता. मामा रात्रंदिवस त्याच्यापाशी होते. म्हणून तर पुढचा मला नीट विचारून घ्यायचाय. माझ्या वडिलांचं नाव घेऊन माझ्याकडून खोटा कागद नाही निघायचा."

डॉक्टरांनी मान खाली घातली.

"आणि मामांची अडचण आजची आहे," तिने पुढे म्हटले, "तिची खरेदीशी गाठ कशाला मारता? शीतपेट्या भाड्याने मिळतात. तातडीच्या भाड्याला, कारण लिहून, तुमच्या एकट्याची सही पुरते. कागद तयार आहे. आज सही करा, उद्या पेटी येते."

त्यांनी सही केली. उठताना म्हणाले, "खरेदीला उशीर झाला तर लेखी खुलासा तुम्ही द्यायचा."

"देते."

ज्यांनी उत्तर दिले नव्हते त्यांना तिने फोन लावायला घेतले. दोघांनी उडवाउडवी केली. तिसरी एक कारखानदार बाई होती, खणखणीत आवाजाची.

"अहो ताई, उत्तर काय देणार? कप्प्याची मापं मिलिमीटरपर्यंत त्यांच्या कॅटलॉगातली. दाराची कडी कुठल्या बाजूला, तेसुद्धा! वर लिहायचं, दर कळवावा. आम्ही काय आता त्यांची कडी बनवून विकू?"

ताईने पत्र काढून वाचले. शवागार विभागाने मागणी पाठवताना झालंच-समजाच्या माहितीपत्रकातला तपशील जसाच्या तसा उतरवला होता, आणि तिने तो तसाच पुढे धाडला होता. पाच दारे ठोठावली होती खरी, पण चार दारांना आधीच कुलूप घालून. तिला स्वतःचाच राग आला, आणि त्या रागाने बरे वाटले. महिन्याभरात पहिल्यांदाच काहीतरी करण्यासारखे हाती लागले होते.

ती मामांकडे गेली. "कडी-बिडी सोडा. तुम्हाला नेमकं काय लागतं ते सांगा."

मामा सांगत गेले, ती लिहीत गेली. एका वेळी किती जण ठेवावे लागतात. आतली थंडी दोन ते चार अंशांत टिकली पाहिजे, बिघडली तर भोंगा वाजला पाहिजे. ट्रॉलीची उंची. बिघाड झाल्यावर माणूस किती वेळात आला पाहिजे.

"आणि लांबी," मामा म्हणाले. "उंच माणूस आला की पाय दुमडावे लागतात, ताई. बरं नाही वाटत."

तिचे वडील उंच होते. तिने काही विचारले नाही. लांबी वाढवून लिहिली.

नवे पत्र कुठल्याही कंपनीचे नाव न घेता निघाले. आसपासच्या रुग्णालयांच्या भांडारांत चौकशी करून तिने आणखी दोन नावे मिळवली. सगळ्यांना तेच पत्र, एकाच दिवशी, झालंच-समजालाही. दर बंद पाकिटात, स्वतःच्या लेटरहेडवर. वाहतूक, जोडणी आणि कर वेगळे दाखवून. दर कुठवर कायम राहील ते लिहून. एकाने शंका विचारली तेव्हा उत्तर तिने सगळ्यांना पाठवले. ज्यांना जमणार नाही त्यांनी तसे लिहून कळवावे, ही ओळही घातली.

मुदत संपल्यावर तिने दोघा साक्षीदारांसमोर पाकिटे उघडली. कोटेशने दोन: कारखानदार बाईचे आणि झालंच-समजाचे. एक नकाराचे पत्र. बाकीचे गप्प.

"म्हणजे पुन्हा दोनच," डॉक्टर तुलनेचा तक्ता बघत म्हणाले. "मॅडम, इतकं केलंत, आता एकासाठी..."

"तिसऱ्या रकान्यात लिहिलंय, साहेब. विचारलं, नाही म्हणाले, पत्र सोबत. खाली कुणाकुणाला विचारलं त्यांची नावं. तीन आली नाहीत तर कारण बघून समितीने ठरवावं, असं नियमातच आहे. समितीने हवं तर नाकारावं. ती जागा मी भरणार नाही."

डॉक्टर पुन्हा तक्त्याकडे वळले आणि एका आकड्यावर थबकले. "हा त्याच माणसाचा दर? आधीपेक्षा इतका खाली? आणि कप्पा तर लांब मागितलाय आपण."

"तोच माणूस. मागच्या वेळी तो एकटाच पळत होता."

समितीने तिला बोलावले. कुणी कुरकुरले, कुणी घड्याळ बघितले; तिने प्रत्येकाला तेच सांगितले आणि खुलाशाचा कागदही न मागता पुढे ठेवला. सह्या झाल्या. दोन्ही फ्रीजर अटींत बसत होते. दर झालंच-समजाचा कमी होता, थोडाच, पण कमी. तिला कारखानदार बाई जिंकायला हवी होती. तिने ते मनातच ठेवले आणि बाईला फोन करून निकाल सांगितला.

झालंच-समजा ऑर्डर न्यायला आला तो मिरवतच. "बघा ताईसाहेब, शेवटी मीच! एवढा खटाटोप करून काय मिळवलंत?"

"तुमचा खरा दर," ती म्हणाली. "आता फ्रीजर कधी येतोय ते लिहून द्या. मामा वाट बघतायत."