फाटलेल्या पानावरचा दावा

सर्चबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने ओळखणारं आता फक्त बँकेचं पासबुक उरलं होतं. वकील, कारकून, दस्तलेखक, झेरॉक्सवाला, सगळे त्यांना सर्चबाईच म्हणायचे. कुणी घर विकत घ्यायला निघालं, की त्या घराची आधी कुठे विक्री झाली होती का, ते कुठे गहाण पडलंय का, त्याच्यावरून कोर्टात कुणी भांडतंय का, हे मागच्या तीस वर्षांच्या नोंदींतून धुंडाळून काढायचं, हा त्यांचा धंदा. सत्तावीस वर्षं त्या हेच करत होत्या. दुय्यम निबंधक कार्यालयातली धूळ खाऊन खाऊन त्यांचा आवाज बसलेला होता आणि मिजास मात्र चांगली उभी होती.

या खेपेचं काम बालवाडीच्या बाईंचं होतं. बाईंची बालवाडी अकरा वर्षं एका भाड्याच्या जागेत चालली होती आणि ती इमारत पुढच्या महिनाअखेरीला पाडणार होते. बेचाळीस पोरं होती. बाईंनी सारं गाव पालथं घातलं तेव्हा कुठे मागे अंगण असलेलं एक बैठं घर मिळालं. आता बँक कर्ज देणार होती ती वकिलांचा शोध अहवाल आल्यावरच, आणि वकील अहवाल देणार होते तो सर्चबाईंनी नोंदी पाहिल्यावरच. म्हणजे बेचाळीस पोरांचं अंगण फिरून फिरून सर्चबाईंच्या बोटांशी येऊन थांबलं होतं.

घर विकणारा होता घड्याळजी. चौकातल्या टपरीएवढ्या दुकानात बसून घड्याळं दुरुस्त करणारा, लग्न न केलेला, साठीचा, कमी बोलणारा माणूस. घर वडिलांनी घेतलेलं. वकीलसाहेबांनी त्याला समोर बसवून रीतसर विचारलं होतं, "वडिलांना वारस कोण कोण?"

"मी एकटाच."

"घरावरून कधी कोर्टकचेरी?"

"छे."

सर्चबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. "छे" जरा लवकर आलं, असं त्यांना वाटून गेलं.

अलीकडच्या वर्षांच्या नोंदी संगणकावर होत्या. त्या त्यांनी अर्ध्या तासात उरकल्या, सगळं चकाचक. त्याच्या आधीच्या सगळ्या हाताने लिहिलेल्या, जाडजूड पुठ्ठ्यांच्या वह्यांत. प्रत्येक वर्षाची वेगळी वही, आणि वहीत मिळकतींप्रमाणे मांडलेली सूची, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात. कोणती मिळकत, कुणी दिली, कुणी घेतली, दस्ताचा प्रकार काय, तारीख कोणती. सर्चबाई खिडकीपाशी उभ्या राहून एकेक वर्ष मागे जात राहिल्या. बावीस वर्षांपूर्वीच्या वहीत येऊन थबकल्या. या वस्तीचं पानच नव्हतं. शिवणीपाशी बोटभर फाटका कागद तेवढा उरला होता.

"लिहा ना नेहमीसारखं," अभिलेखाचा कारकून म्हणाला. "अमुक वर्षाची पाने फाटलेली आढळली. सगळे तेच लिहितात."

"सगळे काय काय करतात ते मला नका सांगू. मला नावांची सूची काढून द्या."

"आता? वरच्या फळीवर आहे ती."

"मग शिडी आणा. का मी चढू?"

सर्चबाई खरंच चढतील आणि पडल्या तर आपल्याच गळ्यात येईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने शिडी आणली.

याच कार्यालयात दुसरीही एक सूची असते, ती मिळकतींप्रमाणे नाही, माणसांच्या नावांप्रमाणे लावलेली. इंडेक्स वन. तिच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. मिळकतीचं पान उडालं, तरी त्या वर्षी दस्त करणाऱ्यांची नावं तिथे शिल्लक राहतात. सर्चबाईंनी घड्याळजीच्या आडनावाचं अक्षर काढलं आणि बोट खाली खाली सरकवत नेलं. सतराव्या ओळीवर आडनाव सापडलं, पण नाव बाईचं होतं. पुढे दस्ताचा प्रकार लिहिला होता: प्रलंबित दाव्याची नोटीस.

कोर्टात मिळकतीवरून दावा लागला की दावा लावणारा अशी नोटीस इथे नोंदवून ठेवतो. मग पुढे जो कुणी ती मिळकत घेईल, त्याच्यावरही त्या दाव्याचा निकाल बंधनकारक राहतो. म्हणजे बालवाडीच्या बाईंनी घर घेतलं, पोरांना अंगणात आणलं आणि उद्या निकाल उलटा लागला, तर बाईंचं काय? सर्चबाईंनी दस्त क्रमांक लिहून घेतला आणि फी भरून मूळ नोटीसच वाचायला मागितली. दावा वाटपाचा होता. मिळकत हीच होती. लावणारी होती वडिलांची मुलगी, आणि ज्याच्यावर लावला तो घड्याळजी. एकटाच वारस म्हणे!

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी घड्याळजीला बोलावून नोटिशीची नक्कल त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती भिंग लावून वाचली आणि खाली ठेवली.

"हा दावा मी जिंकलो," तो म्हणाला. "जिंकलेला दावा कशाला सांगायचा?"

"निकालाची प्रत?"

"प्रत नाही. माझे वकील म्हणाले होते, दावा निकाली निघाला, घरी जा. मी घरी गेलो."

"आणि बहीण? वारसांत सांगितली नाहीत ती?"

"जी भावाला कोर्टात खेचते, ती कसली बहीण? बावीस वर्षं बोललो नाही मी तिच्याशी."

बालवाडीच्या बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदर मुठीत धरला. ते पाहून सर्चबाईंना गलबलून आलं आणि त्याचा राग घड्याळजीवर निघाला. "लोकांची घड्याळं बरोबर करता, आणि स्वतःचं बावीस वर्षं बंद ठेवलंत," त्या बोलून गेल्या. वकीलसाहेबांनी डोळे वटारले.

कोर्टाच्या संगणकावर वकीलसाहेबांनी आधीच शोधलं होतं. काही निघालं नव्हतं, आणि निघणारही नव्हतं, कारण इतके जुने दावे त्यात चढवलेलेच नव्हते. सर्चबाई वकीलसाहेबांच्या सहीचा अर्ज घेऊन कोर्टाच्या अभिलेख कक्षात गेल्या. नोटिशीत दाव्याचा क्रमांक आणि वर्ष होतं, म्हणून निम्मं काम आधीच झालेलं. रेकॉर्डकीपर म्हणाला, "बाई, मुदत संपली की बरेच कागद नष्ट करतात. पण दाव्यांची नोंदवही मिळेल तुम्हाला. ती जपतात."

नोंदवही आली. एका दाव्याला एक आडवी ओळ. दाखल तारीख, वादी, प्रतिवादी, मागणी, आणि सगळ्यात शेवटी निकालाचा रकाना. सर्चबाईंनी तिथे "फेटाळला" असं असेल, असं धरलं होतं. होतं वेगळंच: वादीने दावा काढून घेतला. आणि तेही प्रतिवादी प्रथम हजर झाला होता, त्याच दिवशी.

सर्चबाईंनी ओळ तीनदा वाचली. घड्याळजी जिंकलाच नव्हता. बहिणीने आपण होऊन सोडलं होतं.

अधिकृत नक्कल मिळायला चार दिवस गेले. वकीलसाहेब खूश झाले, पण अर्धेच. "दावा संपला, त्यामुळे ती नोटीस आता आडवी येत नाही. संपल्याचीही नोंद निबंधकाकडे करायला हवी होती, कुणी केली नाही. पण दावा काढून घेणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. घर वडिलांचं, मृत्युपत्र नाही, म्हणजे बहिणीचा हिस्सा आजही आहे. विक्रीखतावर तिची सही नसेल, तर मी हा अहवाल देणार नाही."

"आणि तिने नाही म्हटलं तर?" बाईंनी विचारलं.

"तर दुसरं घर बघा."

दुसरं घर कुठलं? महिनाअखेर अठरा दिवसांवर आलेली. सर्चबाई नक्कल घेऊन थेट घड्याळजीच्या दुकानात गेल्या. खरं तर हे त्यांचं काम नव्हतं. नोंद शोधायची, उतरवायची, घरी जायचं, इतकंच. पण त्या गेल्या.

घड्याळजीने भिंग डोळ्याला लावलं, नक्कल वाचली आणि भिंग काढून पुन्हा वाचली.

"काढून घेतला?"

"हो. तुम्ही कोर्टात पहिल्यांदा गेलात, त्याच दिवशी."

"मी सगळ्यांना सांगत फिरलो, मी जिंकलो म्हणून." त्याने नक्कल घडी करून खिशात ठेवली. "नोंदीत तिचा पत्ता आहे का?"

"नोटिशीत होता. आजही तिथेच राहतात, मी चौकशी केली."

त्याने दुकानाचं शटर ओढलं. भर दुपारी हे शटर खाली आलेलं शेजारच्या चपलावाल्याने कधी पाहिलं नव्हतं. तो बाहेर येऊन बघत राहिला.

बहीण दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहत होती. दवाखान्यातले कपडे धुण्याचं काम तिने आयुष्यभर केलेलं. तिने दार उघडलं, भावाला पाहिलं आणि आधी त्याच्यासोबत आलेल्या सर्चबाईंनाच विचारलं, "बरा आहे ना हा?"

"बरे आहेत," सर्चबाई म्हणाल्या. "ताई, घर विकायचंय त्यांना. तुमची सही लागते."

घड्याळजी उंबऱ्यातच उभा होता. त्याने नक्कल पुढे केली. "हे का केलंस?"

बहिणीने कागदाकडे पाहिलंही नाही. "मला घर नको होतं रे. आई गेल्यावर तू सगळं आपल्या नावावर करून घेतलंस आणि मला विचारलं नाहीस, त्याचा राग होता. भावाने विचारायला नको? म्हणून लावला दावा. मग त्या दिवशी कोर्टात आले, तर तू व्हरांड्यात बाकावर एकटा बसून डबा खात होतास. डब्यात नुसता कोरडा पाव. आई होती तोवर कधी असा डबा नव्हता तुझा. मला बघवेना. मी वकिलाला म्हटलं, काढून घ्या आत्ताच्या आत्ता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आधी बोलशील वाटलं."

घड्याळजी तिथेच जिन्यावर बसला आणि रडला. सर्चबाई उगाच कठड्याचा रंग न्याहाळत राहिल्या.

बहिणीने एकच गोष्ट मागितली. हक्क सोडून द्यायचा नाही, विक्रीखतावर भावाच्या बरोबरीने विकणारी म्हणून नाव यायला हवं. वकीलसाहेब म्हणाले, हेच बरोबर. महिनाअखेरीला सहा दिवस उरले होते, तेव्हा अहवाल बँकेत गेला.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या खोलीत पाचजण कोंबून बसले होते. बालवाडीच्या बाईंचा फोटो झाला, सह्या झाल्या. घड्याळजीचा अंगठा यंत्राने एका फटक्यात घेतला. बहिणीचा काही घेईना. कपडे धुऊन धुऊन तिच्या बोटांवरच्या रेषा पार पुसट झालेल्या. ऑपरेटरने दोनदा दाबला, तीनदा दाबला, यंत्र नुसतं लाल होत राहिलं. बाईंचा चेहरा उतरला.

"थांबा," घड्याळजी म्हणाला. त्याने खिशातून भिंग पुसायचं मऊ फडकं काढलं, बहिणीचा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठा सावकाश पुसला. मग त्या अंगठ्याला तळव्यात धरून ऊब दिली आणि यंत्रावर टेकवून अलगद, अगदी बेताने दाबला. दिवा हिरवा झाला.

"आला," ऑपरेटर म्हणाला. "पुढचे घ्या."

घड्याळजीने बहिणीचा हात सोडला नाही. पुढच्या दस्ताचे लोक दारात येऊन उभे राहिले, तरी तो तसाच बसून होता, आणि सर्चबाईंनी त्या लोकांना दरडावून दोन मिनिटं बाहेर थांबवलं.