सगळ्यात खालची खोली

बाळकुमच्या आमच्या कॉम्प्लेक्सची लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यांवरची माणसं महिनोन् महिने खाली दिसत नाहीत. एकाची तर दाढी वाढून पहिल्या मजल्यापर्यंत आली होती. मी स्वतः ती बाजूला सारून गेलेलो. म्हणून आमची अक्कल एकच: गुडघे गेले की खालचा मजला घ्यायचा.

त्याच अकलेने मी गंगेवर बोटीची सफर काढणाऱ्या कंपनीला ईमेल लिहिला. सफरीचा शेवट काशीला. माझ्या बायकोला, गोदाला, तिथले घाट बघायचेच होते, आणि डॉक्टर म्हणालेले, जायचं तर यंदाच जा.

‘आम्हा दोघांस सर्वांत खालची खोली द्यावी. पत्नी बहात्तर वर्षांची, पण ठणठणीत. गेल्या वर्षी मलंगगड एका दमात चढली. जेवण काहीही चालेल. – परशुराम’

गोदाने वाचलं तेव्हा ईमेल गेलेला होता.

“मलंगगड? अहो, मी गच्चीत पापड घालायला जात नाही!”

“अगं, खरं सांगितलं तर घेणार नाहीत आपल्याला.”

दुसऱ्या दिवशी कंपनीतून लक्ष्मी नावाच्या मुलीचा फोन. “काका, खालच्या डेकवर खोली आहे. इंजिनाचा आवाज येतो, खिडकी उघडत नाही. पण तुम्हाला काय, गड चढणारी माणसं!”

“गुडघ्यांना बरी ना?”

“गुडघ्यांना? काका, बोटीत शिरतात मधल्या डेकवर. तिथून खाली चौदा पायऱ्या, लिफ्ट नाही. जेवणघर पण मधल्याच डेकवर.”

तीन वेळचं जेवण, रोज चौऱ्याऐंशी पायऱ्या! माझ्या घशातला चहा परत कपात गेला.

गोदाने फोन घेतला. “बाय, गड विसर. खरं मी लिहून पाठवते.”

एका बोटाने तिने टाइप केलं:

‘मी काठी घेऊन चालते. चार पायऱ्या, त्याही कठडा धरून. खोली जेवणघराच्या मजल्यावर हवी. न्हाणीत आधाराची दांडी हवी. दात कमी आहेत, भात मऊ करावा. सोमवारी उपास, साबुदाणा चालेल. धक्क्यावर व्हीलचेअर मिळेल का? घाटाच्या पायऱ्या मला जमणार नाहीत. काशी बोटीतूनच दाखवा. नवऱ्याला इंजिनाजवळ ठेवलं तरी चालेल, तो त्याहून मोठ्याने बोलतो. – गोदा’

“गेली आपली सफर,” मी म्हणालो.

“गेली तर गेली. तिथे जाऊन खोलीत अडकून तर बसणार नाही!”

संध्याकाळी उत्तर आलं. मधल्या डेकवर, जेवणघराशेजारी एक खोली होती, ती आमची. दांडी आहे, व्हीलचेअर येईल, स्वयंपाकघराला कळवलंय. बोट घाटांसमोरून जाताना काकूंची खुर्ची कठड्याशी ठेवू. फक्त डॉक्टरांचं पत्र पाठवा. काकांसाठी इंजिनाजवळ सोय नाही, क्षमस्व.

“आता लोकांना हव्या तेवढ्या थापा मारा,” गोदा म्हणाली. “कंपनीला नको.”

खाली जाऊन मी वॉचमन सहदेवला सांगितलं, आमच्या हिच्यासाठी कप्तानाने आख्खी खोली उचलून वर आणली. त्यात खोटं ते किती? एका मजल्याचं.