मथुराबाईने घातलेली घडी

वणीत कोळशाच्या ट्रकांना ताडपत्र्या शिवणारा डोमाजी तंबूही दुरुस्त करायचा, आणि येईल त्याला एकच उपदेश द्यायचा: ओला तंबू बांधून ठेवू नका. ट्रक ड्रायव्हर म्हणायचे, म्हातारा जेवायला बसला तरी हेच सांगेल. तोच डोमाजी नऊ महिने एका पिशवीला हात लावत नव्हता.

त्या पिशवीत पॉलिस्टरचा सहा वर्षांचा तंबू होता. गेल्या भादव्यात बायकोने, मथुराबाईने, त्याची घडी घातली होती. तंबू थोडा दमट होता, पण उद्या ऊन पडलं की वाळवू, असं ती म्हणाली होती. ऊन काही पडलं नाही. तिला ताप भरला, दवाखाना झाला आणि दसऱ्याच्या आत ती गेली. तिच्या हातची शेवटची घडी म्हणून डोमाजीने पिशवी टिनाखालच्या माळ्यावर ठेवून दिली. तेरवीला रडला नाही, नंतरही नाही. लोक म्हणाले, दगड आहे. त्यालाही तसंच वाटत होतं, आणि त्याचंही त्याला काही वाटत नव्हतं.

जुलैत मथुराबाईच्या बहिणीची मुलगी सलोनी आली. झरी जामणीकडच्या एका जंगलातल्या गावाजवळ ती आठ मुलींचं पावसाळी शिबिर घेणार होती. तिला चार-पाच जणी मावतील असे दोन तंबू हवे होते, आणि निघायचं परवा होतं.

एक तंबू तयार होता, सिलिकॉन लावलेल्या नायलॉनचा. वजनाला हलका, ओढला तर सहज न फाटणारा. पण त्याचे नखरे डोमाजीला ठाऊक होते. शिवणीवर नेहमीची पट्टी इस्त्रीने चिकटवली, तर ती संध्याकाळपर्यंत सालासारखी निघून आली होती. सिलिकॉनवर सिलिकॉनच धरतं, म्हणून त्याने ब्रशने पातळ सिलिकॉन भरलं होतं. त्याने तंबू अंगणात ताणून उभा केला आणि वरून पाण्याची नळी धरली. पाणी आत आलं नाही, पण थोड्या वेळात छत चार बोटं खाली लोंबलं. नायलॉन पाणी पितं आणि सैल पडतं, दोऱ्या पुन्हा ओढाव्या लागतात, हे त्याने सलोनीला दाखवलं.

तंबू उभा धरणाऱ्या काड्यांचंही त्याने सांगितलं. फायबरची काडी वाऱ्यात उभी चिरली आणि तिच्या कुसळांनी तळहात सोलला होता. ॲल्युमिनियमची वाकली, पण तुटली नाही. वाकल्या जागी त्याने आखूड नळी चढवून तिला चालती केली होती. म्हणून आता दोन्ही तंबूंना ॲल्युमिनियमच्याच काड्या होत्या.

सलोनी म्हणाली, अर्ध्या रात्री पावसात उठून दोऱ्या ओढायला सगळ्या मुलींना जमणार नाही. तिच्या तंबूचं ती बघेल, दुसरा मात्र पॉलिस्टरचाच हवा. तिचं खरं होतं. पॉलिस्टर ओलं झालं तरी ताण सोडत नाही. तिने माळ्याकडे पाहिलं.

"मौसाजी, तो मावशीचा हाय नं?"

"हाय."

"तुमचं मन नसन तर राहू द्या. चार पोरींले येऊ नका म्हणून सांगतो."

 डोमाजीने स्टूल घेतला आणि पिशवी खाली काढली.

नाडी सोडताच आंबट वास आला. पहिली घडी उलगडताना चर्र आवाज झाला. कापडाच्या आतला, पाणी अडवणारा लेप चिकट होऊन एका पदराचा दुसऱ्या पदराला धरून बसला होता. ओढला तसा पापुद्र्यांनी निघून बोटांना लागला. ओल आणि टिनाखालचा उन्हाळा, दोघांनी मिळून लेप खाल्ला होता. सिलिकॉनचा असता तर टिकला असता. किंवा मथुराबाई गेल्यानंतर पहिल्या उन्हात कोणी तो पसरला असता, तरी बहुधा टिकला असता. ते कोणी करायचं होतं, हे डोमाजीला कोणी सांगायची गरज नव्हती.

"हे पाणी नाही अडवणार," तो म्हणाला. "तिनं नाही बिघडवला. मी बिघडवला."

मग त्याने ट्रकची नवी ताडपत्री काढली. हाच तंबू त्याच्या काड्यांवर उभा करून वरून ती सैलसर बांधायची, मध्ये वीतभर हवा सोडायची. जड होईल, पण मुली कोरड्या राहतील, असं त्याने सांगितलं. सलोनीने मान हलवली. आठही मुली जाणार होत्या.

तिने पसरलेला तंबू गोळा करायला घेतला. डोमाजीने तिला थांबवलं, स्वतः खाली बसला आणि कडा जुळवू लागला. एकदा जुळवल्या, मोडल्या. पुन्हा जुळवल्या. ताडपत्रीची घडी त्याला झोपेतही आली असती. या तंबूची घडी मात्र पिशवीत मावेना. सहा वर्षं मथुराबाई त्याच्या डोळ्यांसमोर ती घालत होती आणि त्याने एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"कशी घालत होती वं ती?" त्याने सलोनीला विचारलं. सलोनीलाही माहीत नव्हतं. तेव्हा नऊ महिन्यांनी डोमाजी रडला.