शेवळांचा व्हिडिओ का पडला

"वनिता यायच्या आत मला रिपोर्ट पायजे," योगेंद्र म्हणाला आणि हेल्मेट उचलून जिना उतरला. "आज तिला सांगून टाकतो. उगाच लोंबकळत ठेवन्यात काय अर्थ नाय."

काय सांगून टाकायचं होतं ते हर्षलाला ठाऊक होतं. 'वनिताच्या रानभाज्या' ही मालिका बंद. एक व्हिडिओ पडला आणि साहेबांचा निकाल तयार! आधी फाशी, मग खटला, आणि खटल्याचे कागद लिहायला हर्षला.

शिळफाट्यावर, हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत त्यांच्या चॅनेलचं ऑफिस होतं. चॅनेल योगेंद्रचं. भातशेतीवाल्या घरातला पोरगा, धबधबे, किल्ले, ट्रेक दाखवत दाखवत त्यानं नाव कमावलं होतं. एडिटिंग, टायटल आणि व्हिडिओवरचं चित्र, म्हणजे थंबनेल, हे हर्षलाचं काम. आणि वनिता ही पळसदरीच्या वरच्या ठाकरवाडीतली. रानातून भाजी खुडून आणायची, चुलीवर रांधायची आणि कॅमेऱ्याकडे बघून असं बोलायची की जणू समोर तिची धाकटी जाऊच बसलीय. तिला हर्षलानंच आणलं होतं. आधी नाही म्हणत होती, वाडीतली माणसं हसतील म्हणून. हर्षलानं तिच्या ओट्यावर बसून, चहा पिऊन, गळ घालून तिला तयार केलं होतं. आणि आता तिलाच घरी पाठवायचं?

पडलेला व्हिडिओ शेवळांचा होता. पावसाच्या तोंडावर जमिनीतून जे कोंब वर येतात, ती शेवळं. नीट शिजवली नाहीत तर घसा असा खाजतो की बोलायची सोय नाही, म्हणून त्यात आंबट काकडफळांचा रस घालतात. वनितानं ते सगळं झकास दाखवलं होतं. आणि व्हिडिओ दाणकन आपटला. शिवाय त्याखालच्या कमेंटी! 'ई, हे काय खातात हे लोक.' 'पोट बिघडेल, कुणी ट्राय करू नका.' 'बघूनच डबक्याचा वास आला.' योगेंद्रनं त्या मोठ्यानं वाचून दाखवल्या होत्या. "लोकांना ती नको हाय, हर्षला. तिची बोली नको, तिचं खाणं नको. त्याच आठवड्यात माझा धबधबा टाकला, तो चालला ना? मग?"

हर्षलाला राग आला होता, पण रागाचा रिपोर्ट होत नाही.

तिनं लॅपटॉप उघडला आणि तीन मथळे टाकले. पॅकेजिंग, कंटेंट, टायमिंग. दुकानाची पाटी बघून गिऱ्हाईक आतच आलं नाही, की आत येऊन माल बघून पळालं, की बाजार उठल्यावर दुकान उघडलं? तिन्हीत दुकान रिकामंच दिसतं. पण दोष तीन वेगवेगळ्या माणसांचा असतो.

आधी तिनं कंटेंट घेतला, कारण सुळावर वनिता होती. लोक व्हिडिओ कुठपर्यंत बघतात त्याची रेघ तिनं उघडली. सुरुवातीची थोडी गळती सगळ्यांचीच होते, तशी इथंही होती. पण वनिता बोलायला लागली आणि रेघ सपाट, कुणी उठेचना! नेहमीच्या व्हिडिओंपेक्षा वर. काकडं कुटायच्या जागी मात्र एक खड्डा होता. तिथं नुसती कुटाकुट होती, कुणी बोलतच नव्हतं. तो खड्डा तिनं प्रामाणिकपणे लिहून टाकला.

'आलेले आपलेच सबस्क्रायबर असणार, ते बघणारच,' असं योगेंद्र म्हणणार हे तिला कळत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पाटी बघून थोडेच आत आले असतील तर ते हौशीच असणार. म्हणून तिनं सबस्क्राइब न केलेल्यांची रेघ वेगळी काढली. माणसं थोडी होती, पण तीही टिकली होती. तिच्या जिवात जीव आला. वनिता सुटत होती.

मग टायमिंग. शूटिंग झालं तेव्हा कर्जतच्या बाजारात शेवळांच्या जुड्या विकायला होत्या. व्हिडिओ तेव्हाच तयार झाला होता, पण योगेंद्रला आधी धरणावरचा ड्रोनशॉट हवा होता, ढग हवे होते, अमुक हवं होतं. व्हिडिओ चढला तोवर शेवळं संपून रानात नुसती पानं उरली होती. लोक ती भाजी शोधतात तोच मोसम निघून गेला होता. पण मोसम गेला म्हणून शोधणारे कमी होतील. ज्यांच्या समोर व्हिडिओ आपणहून आला, त्यांनी त्याच्याकडे पाठ का फिरवली? दिवस वाईट म्हणावा, तर त्याच आठवड्यात धबधब्यावर त्याच लोकांनी पटापट बोटं ठेवली होती.

राहिलं पॅकेजिंग. आणि इथं तिचे हात जरा जड झाले. कारण हे तिचं होतं.

व्हिडिओ लोकांच्या पुढे भरपूर गेला होता. पण चित्र-टायटल बघून शंभरातले जेमतेम दोघं आत आले होते. एरवी सहा-सात येतात. तिनं थंबनेल डोळ्यांसमोर धरलं. वनिताचा हसरा चेहरा, हातात तवंगदार भाजीची वाटी, वर ठसठशीत पिवळी अक्षरं. काय वाईट आहे यात? छानच तर होतं! मग खरंच तिचा चेहरा बघून लोक पुढे सरकले? योगेंद्र म्हणतोय ते खरं?

आता शोधत आलेले लोक काय टाइप करून आले, तेवढी यादी राहिली होती. तिनं ती उघडली आणि बघतच राहिली.

'टाकीतलं शेवाळ कसं काढायचं.' 'फरशीवरचं शेवाळ उपाय.' 'शेवाळ खाल्लं तर काय होतं.'

"आता टाकी धुणारे कशाला मरायला आले इथं?" ती एकटीच बोलली. आणि मग परत थंबनेलकडे गेली. या खेपेला एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, पहिलीतल्या पोरासारखं.

शे. वा. ळा. ची. भाजी.

अगं आई गं!

शेवळांची भाजी नव्हे. शेवाळाची. टायटलातही तेच. फोनवर टाइप करताना कीबोर्डानं आपल्या अकलेनं शब्द सुचवला आणि तिनं घाईत अंगठा ठेवला. बिचाऱ्या कीबोर्डाला शेवळं कुठून ठाऊक असणार! मग तोच शब्द तिनं कॉपी करून चित्रावर चिकटवला. योगेंद्रनं बघून "भारी" म्हटलं होतं. त्या दोघांनी लहानपणापासून शेवळं खाल्ली होती, म्हणून दोघांनाही ते शेवळंच दिसलं. ज्यांनी जन्मात खाल्ली नाहीत, त्या लाखभर लोकांनी मात्र जे लिहिलंय तेच वाचलं. डबक्यातलं हिरवं शेवाळ, आणि ते वाटीत घेऊन हसणारी वनिता.

हर्षलानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लाज वाटली, भयंकर लाज. त्या सगळ्या 'ई' आणि 'शी' तिच्या अंगठ्यानं वनिताच्या तोंडावर फेकल्या होत्या.

आणि लगेच दुसरा विचारही आला. माणूसच ती. टायटल आत्ता गुपचूप बदललं तर? आधी काय होतं ते कोण बघायला बसलंय? रिपोर्टात 'टायमिंग' लिहावं, मोसमावर ढकलावं, कुणाचंच नाक कापलं जाणार नाही. तिनं कर्सर टायटलवर नेलासुद्धा. पण मग ते शंभरातले दोघं? त्याला कारण काय देणार? कारण नसलं की योगेंद्र परत वनिताच्या चेहऱ्याकडेच बोट दाखवणार. चूक लपली की वनिता गेली. सरळ हिशोब होता.

जिन्यावर बोलण्याचा आवाज आला. योगेंद्र आणि वनिता एकदमच वर येत होते. हर्षलानं टायटलाला हात लावला नाही. भराभर चार ओळी टाइप केल्या.

वनिता दारातच उभी राहिली. नेहमी येताना हाश्शहुश्श करत, काहीतरी खायचं घेऊन यायची. आज हात मोकळे, चेहरा मिटलेला.

"बस गं," योगेंद्र म्हणाला. त्याच्याच्यानं तिच्याकडे बघवत नव्हतं. "हे बघ वनिता, राग मानू नको. आमी ठरवलंय की..."

"दादा, आधी हे वाच." हर्षलानं लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

"नंतर वाचतो."

"नंतर नाही. आत्ता! आणि मोठ्यानं वाच. ताईंनाही ऐकू दे."

तिचा आवाज चढला तसा तो चमकला. हर्षला कधी असं बोलायची नाही. त्यानं वाचायला सुरुवात केली, आधी नाइलाजानं. "कंटेंट. आलेली मानसं टिकली, नवीनसुद्धा. कुटायच्या जागी कंटाळली, तेवढं कापायला हवं होतं. टायमिंग. मोसम संपल्यावर व्हिडिओ टाकला, उशीर..." तो अडखळला. "उशीर ड्रोनशॉटसाठी झाला. म्हंजे माझ्यामुळं?"

"पुढं वाच."

"पॅकेजिंग. मुख्य कारण हेच. शेवळांच्या जागी शेवाळ..." त्यानं मान वर केली. "कुठं?"

हर्षलानं थंबनेल उघडून त्याच्यासमोर धरलं. तो बघत राहिला, डोळे बारीक केले, आणि मग कपाळावर हात मारला. "आयला! आन् मी भारी म्हनालो!"

"चूक माझी आहे," हर्षला म्हणाली. "बघितलंस तूही, पण लिहिलं मी. लोक ताईंना नाही नाक मुरडत, दादा. लोक माझ्या शब्दाला नाक मुरडतायत. मालिका बंद करायची असेल तर कर. पण ताईंमुळे पडला असं म्हणायचं नाही, खोटं आहे ते."

योगेंद्रनं खुर्ची ओढली. "बंद कशाला? नाव बदल. चित्र सध्या तसंच ठेव, फक्त अक्षरं नीट कर. दोन्ही बदललं तर काय लागू पडलं ते कळायचं नाय. आन् पुढची भाजी वेळेवर टाकू." त्यानं वनिताकडे वळून ओशाळं हसू काढलं. "मिटलं गं. तू चालू ठेव."

हर्षलाला हलकं वाटलं. तिनं तिथंच, दोघांच्या देखत, काना-मात्रा तपासून टायटल दुरुस्त केलं, थंबनेलची अक्षरं बदलली. "झालं, ताई," ती वनिताला म्हणाली.

वनिता हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती पडद्याकडे बघत होती.

"मंजे आता बदललं?"

"हो. आता कुठंच ते दिसणार नाही."

"माज्या जनीला शाळेत शेवाळी म्हनतात," वनिता म्हणाली. "तो व्हिडिओ आला तवापासून. हिची आई शेवाळ खाते म्हनं. डब्याला कोनी हात लावत नाय तिच्या. काल घरात कोपऱ्यात बसली, जातच नाय शाळेत. मी तिलाच मारली. म्हनलं, माजंच काय चुकलं असंल कॅमेऱ्यापुढं, म्हनून लोकं हसतात." तिनं हर्षलाकडे बघितलं. "तिचं नाव कुटं बदलायचं गं?"

हर्षलाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तिनं ते पुसलंही नाही. रिपोर्टातल्या तिन्ही मथळ्यांत ही पोर कुठेच बसत नव्हती.

"मी येते उद्या," ती शेवटी म्हणाली. "शाळेत येते. पोरांपुढं उभी राहून सांगते, शब्द मी चुकवला म्हणून."

"ये," वनिता म्हणाली. "पन आदी वाडीवर ये. जनीला तू सांग. माजं नाय ऐकत ती."

ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली. आवाजात राग होता, आणि तो तिनं लपवला नाही.

"आन् यापुढं काय लिवशील ते मला आदी वाचून दाव. एकेक अक्षर. त्याच्यावर तोंड माजं असतं."