जर्मनीची बाल्कनी

बदनापुरात घरी बसून मी फोटोंमधल्या जागा ओळखते. पुण्याची एक संस्था मोबाईलवर फिरणारे फोटो पाठवते. फिरवणारे म्हणतात त्याच ठिकाणचे ते आहेत का, हे मी तपासते. आमच्या गल्लीत याला ‘गुरुजींची साक्षी लोकांच्या खिडक्या बघून पगार घेते’ असं म्हणतात. म्हणोत. त्यांना स्वतःच्या खिडकीचं तोंड कुठल्या दिशेला आहे हेही धड सांगता येत नाही.

माझ्या धाकट्या भावाला, सुमितला, जर्मनीला नोकरीसाठी पाठवायचं डिसेंबरात ठरलं. ठरवणारा जालन्याचा एजंट राधेश्याम. काळा कोट आणि मनगटावर परातीएवढं घड्याळ. जर्मनी नकाशात दाखव म्हटलं तर तो आधी घड्याळ दाखवील, असा माणूस. त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर माझ्या मावसभावाचा, धावड्याच्या संघपालचा, मोठा फोटो लावलेला होता. बाल्कनीत उभा, खाली लिहिलेलं: ‘आमचा यशस्वी उमेदवार, जर्मनी’. त्याच्या आईने, नंदामावशीने, हा फोटो अख्ख्या धावड्याला दाखवून झाला होता. ज्यांनी पाहिला नव्हता त्यांना तिने घरी जाऊन दाखवला.

जानेवारीत सुमितचा पासपोर्ट द्यायला मी, आमचे वडील राजानंद गुरुजी आणि मावशी राधेश्यामकडे गेलो. सुमित तर सोबत होताच, पण त्याचं लक्ष फक्त त्या फोटोकडे. मीही फोटो पाहिला, आणि पाहतच राहिले.

संघपालच्या मागे चार मजली इमारत होती. प्रत्येक बाल्कनीत एसीचं बाहेरचं युनिट. कठड्याबाहेर लोखंडी पट्ट्यांवर ताणलेल्या दोऱ्या, दोऱ्यांवर टी-शर्ट. खिडक्यांना बाहेरून फळ्यांच्या झडपा, आणि काचा बाजूला सरकणाऱ्या. छतावर ओळीने तिरक्या काळ्या पट्ट्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर आडवी टाकी. सूर्यावर पाणी तापवायची.

मी राधेश्यामला विचारलं, हा फोटो कधीचा. मागच्या महिन्यातला, तो म्हणाला, आणि तेव्हा तिथे गुडघाभर बर्फ होता असंही वर सांगितलं. गुडघाभर बर्फात टी-शर्ट वाळत घालणारे जर्मन त्याने कुठे पाहिले, कोण जाणे.

मी वडिलांना सांगितलं की जर्मनीतल्या घरांत एसी क्वचितच असतो, आत भिंतीला गरम पाण्याचे हीटर असतात. खिडक्या आत उघडतात, नाहीतर वरच्या बाजूने आत कलतात. हिवाळ्यात कपडे घरातच स्टँडवर वाळतात. ही इमारत ऊन जास्त असलेल्या समुद्राकाठच्या देशातली आहे. सायप्रस, नाहीतर त्याच्या आसपासचा.

राधेश्याम हसला. पोरगी कपड्याच्या दोरीवरून देश सांगून राह्यली, असं त्याने माझ्या वडिलांना सांगितलं, जणू मी तिथे नव्हतेच. मावशीला राग आला. तिला वाटलं, मला तिचं चांगलं बघवत नाही. वडील आम्हा दोघींच्या मधे खाकरत बसले. पस्तीस वर्षं भूगोल शिकवला माणसाने, आणि बोलायची वेळ आली तेव्हा खोकला.

राधेश्यामनेच मोठ्या रुबाबात संघपालला व्हिडिओ कॉल लावला. संघपाल पडद्यावर आला. गाल बसले होते. सगळं बराबर आहे, थंडी फार आहे, असं तो पाठ केल्यासारखं बोलला. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा. मी फोन हातात घेतला.

“संघपाल, जरा फोन बाहेर फिरव. बर्फ दाखव मावशीला.”

राधेश्याम फोन परत मागू लागला. मी पाठ फिरवली.

“ताई,” संघपाल म्हणाला, “आई हाय का तिथं?”

“हाय.”

“मंग ऐकू दे. सायप्रस हाय हे. हॉटेलच्या चादरी धुऊन राह्यलो मी. जर्मनीचे कागद खोटे निघाले. यानंच सांगितलं, जर्मनी म्हण, न्हाईतर परत यायची सोय करनार न्हाई.”

मावशीने खुर्ची फोनकडे ओढली. तिने विचारलं, “जेवतो का रं?” तो हो म्हणाला. बाकी काही विचारायचं तिला सुचलं नाही. मला तिचा राग होता, तो तिथेच संपला.

राधेश्यामचा राहिला. आपलीच फसवणूक झाली, वरच्या कंपनीने आपल्याला अंधारात ठेवलं, असं तो सांगत होता. वडील उठले, टेबलावरचा पासपोर्ट उचलून सुमितच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, “चला पोलीस ठाण्यात.” खोकला बरा झाला होता.

तक्रार झाली. संघपाल मार्चमध्ये परत आला, वकिलातीत खेटे घालून. सुमित दोन महिने माझ्याशी बोलला नाही. जर्मनी मीच हिरावली, असं त्याला वाटत होतं. मावशीने धावड्यात काय सांगितलं ते मला कळलं नाही. पण संघपाल आल्याच्या पुढच्या आठवड्यात तिच्या गावच्या तीन बायकांनी मला परदेशात गेलेल्या आपापल्या पोरांचे फोटो पाठवले. तिघींनी खाली एकच प्रश्न लिहिला होता: हे कुठलं आहे?